ससा आणि सशाला: मराठीच्या आतूनच जुनं रूप शोधायचं कसं?

भाषेचा इतिहास शोधायचा म्हटलं की बहुतेकांच्या मनात पहिल्यांदा तुलना येते. संस्कृतात काय होतं, हिंदीत काय आहे, कोकणीत काय म्हणतात. त्या वाटेनं जाण्याआधी आणखी एक वाट आहे, आणि तिच्यासाठी दुसरी भाषा अजिबात लागत नाही. एकाच शब्दाची दोन रूपं आज आपल्या तोंडी का आहेत, एवढा एकच प्रश्न धरून मागं जायचं. या पद्धतीला अंतर्गत पुनर्रचना म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात भाषाविज्ञान नव्यानं शिकणाऱ्यांना ती खास अवघड जाते. घरात मराठी, दुकानात कन्नड, शाळेत तिसरीच काही, त्यामुळे हात आपोआप तुलनेकडे वळतो. म्हणून इथं एकच उदाहरण घेऊन, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, पायरी पायरीनं मांडतो.

उदाहरण आपल्या रोजच्या बोलण्यातलं आहे. ससा म्हणतो, पण सशाला म्हणतो. खिसा, पण खिशात. म्हैस, पण म्हशी. हा स मध्येच श का होतो?

काय काय लागेल

- एक वही, किंवा संगणकावर साधा तक्ता. दर शब्दाला एक ओळ.
- मराठीचा एखादा जुना शब्दकोश. मोल्सवर्थचा १८५७चा कोश चालेल. तो शब्द गोळा करण्यापुरता वापरायचा. त्यात दिलेली व्युत्पत्ती शेवटच्या पायरीपर्यंत पाहायची नाही.
- फोनवरचा रेकॉर्डर, आणि आसपासची दोन-तीन वयस्कर माणसं जी दिवसभर मराठीच बोलतात.
- शब्दांची यादी मजकुराच्या फाइलमध्ये असेल तर एका ओळीत हवे ते शब्द निघतात:

```
grep -E '(स|सा|सं)$' shabda.txt
```

१. एकच अदलाबदल धरा

नवशिक्याचा पहिला गोंधळ इथंच होतो. म्हैस–म्हशी या जोडीत दोन गोष्टी बदलल्या आहेत: ऐचा अ झाला आणि सचा श झाला. माणूस–माणशी यात ऊ गळला आणि सचा श झाला. कूस–कुशीत यात ऊ ऱ्हस्व झाला. हे सगळं एकदम सोडवायला बसाल तर काहीच हाती लागणार नाही. वहीच्या पानावर वर लिहा, "स आणि श". स्वरांचं काय झालं ते दुसऱ्या पानावर, दुसऱ्या दिवशी.

२. शब्द पूर्ण रूपावलीसह गोळा करा

नुसती जोडी टिपू नका, शब्द जेवढ्या रूपांत येतो तेवढी सगळी टिपा. "ससा–सशाला" एवढंच लिहिलंत तर "ससे" हे रूप निसटतं, आणि पुढं सगळा उलगडा त्याच रूपावर अवलंबून असतो. माझ्या तक्त्याची सुरुवात अशी होती:

- ससा, ससे, सशाला
- आरसा, आरसे, आरशात
- बारसं, बारशाला
- म्हैस, म्हशी, म्हशीला
- वेस, वेशीत, वेशीवर
- तुळस, तुळशीला
- तास, तासाला, ताशी (ताशी साठ किलोमीटर)
- दिवस, दिवसाला, दिवशी (त्या दिवशी)
- माणूस, माणसाला, माणशी (माणशी दोन पोळ्या)
- हौस, हौसेनं, हौशी
- आळस, आळसानं, आळशी
- वीस, विशी, पन्नास, पन्नाशी

आणि या सगळ्यांत मौल्यवान ओळ: असा, अशी, असे, अशा. एकाच शब्दात सगळे प्रत्यय लागून आलेले आहेत. अशी ओळ सापडली की ती पानाच्या मथळ्याला लिहून ठेवा.

माणसांकडून शब्द काढून घेताना रूप विचारू नका, प्रसंग विचारा. "खिसाचं सामान्यरूप काय हो?" असं विचारलंत की समोरचा माणूस शाळेत जातो आणि पाठ केलेलं सांगतो. "मावशी, बाजारला जाताना पैसे कुठं ठेवता?" असं विचारा. उत्तर "खिशात कुठलं, कनवटीला" असंही येईल. येऊ द्या. तुम्हाला हवा तो शब्द त्यांच्या तोंडात घालायचा नाही. गप्पा वाढवल्या की नातवाच्या चड्डीचा खिसा कधीतरी येतोच.

लिपीवरही फार विसंबू नका. स आणि श यांना दोन वेगळी अक्षरं आहेत हे आपलं नशीब. "माझा" आणि "माझी" यांतले झ वेगळे उच्चारले जातात, पण लिहायला अक्षर एकच. "चमचा" या एका शब्दातच दोन तऱ्हेचे च आहेत, आणि "चमचे" म्हटलं की दुसराही पहिल्यासारखा होतो. असल्या अदलाबदली कागदावर दिसत नाहीत, कानांनीच पकडाव्या लागतात.

३. श कुठं येतो ते शोधा

आता तक्ता समोर ठेवा आणि श असलेल्या प्रत्येक रूपात त्याच्या पुढं काय आहे ते पाहा.

म्हशी, वेशीवर, तुळशीला, ताशी, दिवशी, माणशी, हौशी, आळशी, विशी, अशी. या सगळ्यांत पुढं ई आहे. आणि स कुठं राहिला? तासाला, दिवसाला, माणसाला, आळसानं: पुढं आ. हौसेनं, ससे, असे: पुढं ए. शब्दाच्या शेवटी: तास, म्हैस, हौस. म्हणजे निम्मं काम झालं. ईच्या आधी श, बाकी ठिकाणी स.

पण उरलेलं निम्मं हट्टी आहे. सशाला, आरशात, बारशाला, अशा. इथं पुढं ई नाही, आ आहे. आणि "तासाला", "दिवसाला" यांतही आच आहे, तरी तिथं स टिकला. याहून नेमकी जोडी हवी असेल तर फास आणि फासा घ्या. फास–फासाला, पण फासा–फाशाला. घास–घासाला, पण घसा–घशाला. डोळ्यांना दिसणारा परिसर दोन्हीकडे अगदी एकच आहे, तरी निकाल वेगळा.

अशा ठिकाणी "हे अपवाद" म्हणून पुढं सरकू नका. अंतर्गत पुनर्रचनेत ज्या जागी नियम अडतो ती जागाच कामाची असते.

४. आधीचा कोण, स की श?

अडलेल्या रूपांकडे वळण्याआधी दिशा ठरवून घ्यावी लागते. मूळ स होता आणि त्याचा श झाला, की मूळ श होता आणि त्याचा स झाला? मनाला काय पटतं याला इथं किंमत नाही. कसोटी एकच: कोणत्या बाजूनं निघालो तर दुसरं रूप न चुकता सांगता येतं?

समजा मूळ श होता, आणि तो शब्दाच्या शेवटी किंवा आच्या आधी स झाला. मग "देश" या शब्दाचं "देस" व्हायला हवं होतं आणि "देशाला"चं "देसाला". तसं झालेलं नाही. नाश, नाशाला, कळश, कळशाला, हुशार, खुशाल, श सगळीकडे सुखानं नांदतो आहे. म्हणजे श पासून निघालो तर कुठं स होणार आणि कुठं नाही, हे सांगता येत नाही.

उलट बाजूनं या. मूळ स, आणि ईच्या आधी त्याचा श. आता "तास" दिला की "ताशी" सांगता येतं, "आळस" दिला की "आळशी". देशचा श आधीपासूनच श आहे, त्यामुळे "देशी"मध्ये काही घडत नाही. "आळशी" आणि "देशी" ही रूपं नुसती ऐकली तर मूळ शब्दात स आहे की श ते कळत नाही, कारण ईच्या आधी दोघांतला फरक पुसला गेला आहे. फरक जिथं शाबूत आहे तिथलं रूप मुळाच्या जवळचं मानायचं. या कामात ही एक गोष्ट पक्की झाली की पुढची वाट सोपी होते.

निष्कर्ष वहीत लिहिताना अंदाजानं उभ्या केलेल्या रूपापुढं फुली किंवा तारा काढा. कुणी बोललेलं, लिहिलेलं रूप आणि आपण बांधलेलं रूप यांत गल्लत होता कामा नये.

५. हरवलेला य

आता सशाला. इथं ई नाही, तरी श आहे. तेव्हा प्रश्न असा करा: ससासारखे दुसरे शब्द, ज्यांत स नाही, ते काय करतात?

घोडा–घोड्याला. वाडा–वाड्यात. आंबा–आंब्याचा. आपला बेळगावी कुंदा घ्या: कुंदा–कुंद्याचा डबा. आकारान्त पुल्लिंगी शब्दाला प्रत्यय लागताना मध्ये य येतो. दुसऱ्या बाजूला घर–घराला, हात–हाताला, इथं य नाही. आता घास आणि घसा पुन्हा पाहा. घास हा हातसारखा, म्हणून घासाला. घसा हा घोड्यासारखा, म्हणून तिथं "घस्याला" व्हायला हवं होतं. बारसं–बारशाला यालाही "केळं–केळ्याला" ही जोड आहे. असा–अशा याला "चांगला–चांगल्या" ही जोड आहे: चांगला, चांगली, चांगले, चांगल्या, असा, अशी, असे, आणि चौथं रूप *अस्या.

म्हणजे जिथं आज नुसता आ दिसतो तिथं कधीतरी या होता. य आणि ई हे उच्चाराच्या दृष्टीनं सख्खे शेजारी आहेत. दोन्हींत जीभ टाळूकडे उचलली जाते. त्या ओढीनं स हा ध्वनीही टाळूकडे सरकला आणि श झाला. मग य गेला, पण जाण्याआधी सवर आपली खूण ठेवून गेला. सशाला मधला श ही ती खूण आहे.

इथं एक साधा आक्षेप येईल: य खरंच गेला कशावरून? सोयीसाठी कल्पना केली नाही ना? त्यासाठी वेगळा पुरावा लागतो, आणि तो ज्या शब्दांत सचा संबंधच नाही अशा शब्दांतून यायला हवा. तो आहे. नकाशा–नकाशात. तमाशा–तमाशाला. हे शब्द घोड्यासारखेच आकारान्त पुल्लिंगी आहेत, आणि त्यांत श आधीपासून आहे. तरी "नकाश्यात" नाही, "तमाश्याला" नाही. म्हणजे शनंतर य टिकत नाही ही मराठीची सवय स्वतंत्रपणे सिद्ध आहे. सशाला समजावण्यासाठी ती मुद्दाम बनवावी लागली नाही.

शाळेत आपण "सामान्यरूप होताना साचा शा होतो" असा नियम पाठ करतो. तो बरोबर आहे, पण तो परिणाम सांगतो. त्याच्या मागं दोन निराळे बदल आहेत आणि मधला य निघून गेल्यामुळे ते एकच वाटतात.

याच तऱ्हेचं सर्वांत गाजलेलं काम स्विस भाषाशास्त्रज्ञ फर्डिनांड द सोस्यूर यांचं. संस्कृत, ग्रीक, लॅटिन ज्यात येतात त्या इंडो-युरोपीय भाषाकुळातल्या स्वरांच्या अदलाबदलीवरून त्यांनी वयाच्या एकविसाव्या वर्षी असं मांडलं की मूळ भाषेत काही ध्वनी होते, जे पुढं नाहीसे झाले आणि शेजारच्या स्वरांवर फक्त परिणाम ठेवून गेले. १८७९ साल घातलेला तो ग्रंथ लाइपझिगला छापला गेला. त्या वेळी माहीत असलेल्या कुठल्याच भाषेत ते ध्वनी थेट सापडत नव्हते. पुढं हित्ती या त्याच कुळातल्या प्राचीन भाषेचे मातीच्या विटांवरचे लेख वाचता आले आणि १९२७ मध्ये पोलिश भाषाशास्त्रज्ञ कुरिलोविच यांनी दाखवलं की हित्तीत काही नेमक्या जागी एक ह सारखा ध्वनी लिहिलेला आहे. आपला य त्यामानानं फार छोटा आहे, पण शोधण्याची रीत तीच.

६. बदलांचा क्रम लावा

दोन बदल झाले: स → श (ई, यच्या आधी), आणि शनंतरचा य गळणं. आधी कुठला? दोन्ही क्रम लावून पाहा.

पहिला क्रम: *सस्याला. सचा श झाला, *सश्याला. मग शनंतरचा य गळला, सशाला. हेच आपण बोलतो.

दुसरा क्रम: आधी "शनंतरचा य गळतो" हा बदल येऊन गेला. त्या वेळी *सस्याला मध्ये श नव्हताच, त्यामुळे काही घडलं नाही. मग सचा श झाला, आणि *सश्याला तसंच राहिलं. हे आपल्याकडे नाही. काही जण "रश्श्यात", "पैश्याला" असा य अजून लिहितात, पण सरसकट उच्चार तसा ऐकू येत नाही.

तेव्हा स → श आधी. हे नुसतं आधी आणि नंतर आहे, साल नव्हे. या पद्धतीतून साल कधीही निघत नाही.

७. नियम मोडणारे शब्द वेगळे काढा

इथं सर्वाधिक वेळ जाईल आणि तो जाऊ द्यावा.

प्रवासी, रहिवासी, संन्यासी, विलासी. पुढं ई आहे, तरी स. "पोलिसी खाक्या" यातही स. मग नियम कोलमडला का? प्रवासीची पुढची रूपं काढा. बेळगावच्या स्टेशनवर मराठीत बोलणारा कुणीही "प्रवाशांची गर्दी" म्हणतो, "प्रवास्यांची" नाही. रहिवासी–रहिवाशांना, संन्यासी–संन्याशाला. म्हणजे यच्या आधीचा बदल इथंही होतो, ईच्या आधीचा मात्र होत नाही.

यातून थर दिसतात. दिवशी, ताशी, माणशी, आळशी हा एक थर. त्या काळी ईच्या आधी सला श व्हावंच लागत होतं. प्रवासी, विलासी हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, पोलिसी तर अलीकडचा. ते आले तोवर ईच्या आधीचा बदल सक्तीचा राहिला नव्हता. यच्या आधीचा बदल मात्र व्याकरणाचा भाग होऊन बसला आहे आणि नव्या शब्दालाही लागतो. कर्नाटकात दोसे म्हणतात तो पदार्थ मराठीत डोसा होऊन आला, आणि लगेच "डोशाचं पीठ" झालं. समोशाचंही तेच.

इथंच एक मोठा सापळा आहे. "डोशाचं" असं म्हणतो म्हणून स → श हा ध्वनिबदल डोसा आल्यानंतर झाला, असा निष्कर्ष काढू नका. ध्वनिबदल केव्हाच होऊन गेला. मागं राहिला तो साचा, आणि नवा शब्द त्या साच्यात बसवला जातो, सादृश्यानं. म्हणून पुनर्रचनेसाठी नव्या शब्दांपेक्षा गोठलेल्या रूपांना जास्त वजन द्यायचं. "दिवशी", "माणशी" यांतला ई हा जुना प्रत्यय आता कुणी नव्या शब्दाला सहजी लावत नाही. घरी, दारी, सकाळी अशा ठरावीक शब्दांतच तो उरला आहे. अशी रूपं कुणी साच्यात घालून नव्यानं बनवलेली नसतात, वारशानं आलेली असतात. (वारसा–वारशानं, हेही तक्त्यात टाका.)

सादृश्य उलट दिशेनंही काम करतं. लहान मुलं "ससाला गाजर दे" म्हणतात. ते रूप रूढ झालं तर त्या शब्दापुरता य चा शेवटचा पुरावाही पुसला जाईल. ज्या शब्दांत अदलाबदल दिसत नाही तिथं ती कधीच नव्हती असं म्हणूनच ठामपणे म्हणता येत नाही.

आणखी दोन फसव्या जोड्या सांगून ठेवतो. आस–आशा: इथं श नंतर ई किंवा य येण्याचा काही प्रश्नच नाही, कारण ही एका शब्दाची दोन रूपं नव्हेत. आस हा झिजत आलेला शब्द, आशा हा संस्कृतातून पुन्हा घेतलेला. आसचं रूप "आसेनं" होतं. रास–राशी ही जोडी त्याहून घातकी. वेस–वेशी सारखीच दिसते, पण "राशी" हा शब्द संस्कृतातून सरळही आलेला आहे, आणि तिथं श मुळातलाच आहे. "धान्याच्या राशी" आणि "बारा राशी" यांत कुठला श कुठून आला हे आतून सांगता येत नाही. अशी ओळ तक्त्यातून खोडू नका, पण निष्कर्षाचा आधार म्हणून वापरूही नका.

८. कुठं थांबायचं

एचं काय? ससे, असे, हौसेनं यांत स टिकला. याचा अर्थ ए कधीच सला टाळूकडे ओढत नव्हता, किंवा बदल झाला तेव्हा या जागी ए नव्हता, दुसरंच काही होतं. शेण, शेत, शेपटी असे शब्द पाहून वाटतं की एच्या आधीही श झाला असावा. पण या शब्दांत अदलाबदलच नाही, श कायमचा आहे. अंतर्गत पुनर्रचनेला तिथं पाय ठेवायला जागा नाही. "त्याचा" मधला च "त्याचे" मध्ये बदलतो हे खरं, पण तो चचा मामला आहे, सवर लादता येत नाही. दोन्ही शक्यता लिहा आणि पुढं चला.

म्हैस–म्हशीला मध्ये ई आहे. ती ई मूळ शब्दाचाच भाग होती का नुसता प्रत्यय? आतून कळत नाही. इथवर आलात की आता, आणि आताच, कोश उघडायचा. प्राकृतात महिसी सापडतं, शेवटी ई. मग पुढचा निष्कर्ष निघतो: शेवटची ई गळली तेव्हा सचा पक्का श झालेला नसावा, नाहीतर आपण "म्हैश" म्हटलं असतं. पण हा निष्कर्ष बाहेरच्या पुराव्यावर उभा आहे, तेव्हा वहीत तो वेगळ्या रंगानं लिहा. जुन्या पोथ्यांत "ऐसा"च्या जोडीला "ऐसी" असं सनं लिहिलेलं आढळतं. आपण आतून जी दिशा ठरवली तिला त्यानं बळ मिळतं.

आणि सर्वांत मोठी मर्यादा. आपण *स पर्यंत पोहोचलो. त्याच्या मागं? म्हैसचा स संस्कृत महिषीतल्या ष पासून आला, वीसचा विंशतीतल्या श पासून, कूसचा कुक्षीतल्या क्ष पासून, आणि मासा–माशाला यातला मत्स्यातल्या त्स्य पासून. श, ष, स हे तिन्ही महाराष्ट्री प्राकृतात सरसकट एक झाले. कुठल्याही परिसराची अट न पाळता ध्वनी एक झाले की मागं अदलाबदल राहत नाही, आणि अदलाबदल नसली की ही पद्धत आंधळी असते. मराठीतली सगळी रूपं पालथी घातलीत तरी म्हैस आणि वीस यांच्या सांत फरक होता हे कळणार नाही. त्यापुढचं काम तुलनेचं.

९. आता बाजारात करून पाहा

दुसरी भाषा अवतीभवती आहे तर तिच्यावरही हाच प्रयोग करता येतो. फक्त मराठीशी जोडू नका. कन्नडला कन्नडच्या आतूनच सोडवा. खडेबाजारात भाव करताना कानावर पडणारे आकडे घ्या: हत्तु (१०), इप्पत्तु (२०), मूवत्तु (३०), ऐवत्तु (५०), अरवत्तु (६०), एप्पत्तु (७०), एंबत्तु (८०).

दहाचा आकडा एकटा असताना हत्तु. जोडशब्दात मात्र -प्पत्तु, -वत्तु, -बत्तु. चौथी पायरी लावा. ह पासून प्प कसा काढणार? अवघड आहे. प पासून मात्र सगळं निघतं: स्वरानंतर प मऊ होऊन व झाला, अनुनासिकानंतर ब, आधीच्या व्यंजनाला चिकटला तिथं प्प टिकला, आणि शब्दाच्या सुरुवातीला त्याचा ह झाला. तेव्हा *पत्तु. मग आजूबाजूचे प नं सुरू होणारे रोजचे कन्नड शब्द आठवून पाहा. पुस्तकसारखे बाहेरून आलेलेच जास्त भेटतील, आणि ते तसेच असायला हवेत. हे सगळं झाल्यावर जुन्या कन्नडकडे वळा. तिथं दहाला पत्तुच म्हणत, दुधाला, म्हणजे आजच्या हालुला, पाल, आणि गावाला, म्हणजे आजच्या हळ्ळीला, पळ्ळि.

हालु आणि हळ्ळी यांत आज प ची कुठलीच खूण उरलेली नाही, म्हणून आतून फक्त दहाच्या आकड्यापुरतंच ठामपणे बोलता येतं. तक्त्यात नऊचा ओंबत्तु आणि नव्वदचा तोंबत्तु मुद्दाम घातलेले नाहीत. नऊमध्ये दहा काय करतो आहे, हे आधी स्वतः शोधा.